शंभर ग्रॅमला किती?

वृद्धाश्रमाच्या कोठीची किल्ली ज्यांच्या कमरेला असते, त्यांना तिथे सगळे शंभरग्रॅम काकू म्हणतात. नाव थट्टेत पडलं आणि चिकटलं. साखर असो, साबण असो, नाहीतर कुणाच्या मुलाने प्रवासातून आणलेली बदामाची पुडी असो, काकूंचा पहिला प्रश्न ठरलेला: शंभर ग्रॅमला किती पडतं? तीन नंबरच्या खोलीतल्या आजोबांना लेकाने लोकरीची भारी शाल आणली, तेव्हा आजोबांनीच ती घाईघाईने उशीखाली सरकवली. म्हणाले, काकू आल्या तर आधी वजनकाट्यावर टाकतील. काकूंना हे सगळं ठाऊक होतं आणि त्यांना त्याचं काही वाटत नसे. अठ्ठेचाळीस म्हातारी माणसं, मर्यादित देणग्या आणि महिनाअखेरीला कधीही रिकामी न पडलेली कोठी, एवढ्यावर त्यांची मान ताठ होती.

ही खोड त्यांना लागली कुठे, हेही सांगायला हवं. आश्रमात येण्याआधी अकरा वर्षं त्यांनी गावातल्या मोठ्या सुपरमार्केटात भावपट्ट्या लावल्या. दुकान उघडायच्या आधी दोन तास जायचं, छापून आलेल्या पट्ट्यांचा गठ्ठा घ्यायचा आणि प्रत्येक फळीच्या कडेला जी प्लॅस्टिकची खाच असते तिच्यात जुनी पट्टी काढून नवी सरकवायची. वरच्या फळ्या उभ्याने होतात. मधल्या फळ्यांना थोडं वाकावं लागतं. सगळ्यात खालची फळी मात्र जमिनीला टेकलेली असते आणि तिच्या पट्ट्या घोट्याशी येतात, तिथे गुडघे टेकल्याशिवाय काम होत नाही. अकरा वर्षं थंडगार फरशीवर गुडघे टेकून शेवटी गुडघेच गेले. डॉक्टर म्हणाले, गुडघे टेकणं बंद करा. दुकानाला तर गुडघे टेकणारीच हवी होती, तेव्हा नोकरी सुटली.

पण पट्टी वाचायची कशी, हे त्या अकरा वर्षांत पक्कं झालं होतं. पट्टीवरचा मोठा आकडा घाईत असणाऱ्याला, बारीक आकडा थांबणाऱ्याला. पिवळ्या कागदावरची सूट ही जुन्या किमतीशी बोलत असते, डब्यात माल किती आहे हे ती सांगत नाही. एका पट्टीवर भाव शंभर ग्रॅमचा छापलेला असतो, शेजारच्या पट्टीवर किलोचा, आणि माणूस दोन्ही आकडे तसेच एकमेकांसमोर धरून मोकळा होतो. आधी सगळं एका मापात आणा, मग बोला, असं काकू कोठीत मदतीला येणाऱ्या मावशींना शंभरदा सांगत. मावशी मान डोलावत आणि पुन्हा मोठा आकडाच बघत.

तर झालं असं, की आश्रमाच्या समितीवर नवे खजिनदार आले. विमा कंपनीतून निवृत्त झालेले, इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं. माणूस वाईट नव्हता असं म्हणायची पद्धत आहे, पण मी म्हणणार नाही. आल्या आल्या त्यांनी जाहीर केलं की संस्थेत गळती आहे आणि आपण ती शोधून काढू. गळती असलीच पाहिजे, ही त्यांची खात्री. कुठे, एवढंच शोधायचं बाकी. कोठीच्या कपाटात सहा वर्षांची बिलं महिन्यामहिन्याचे गठ्ठे करून दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. त्या कपाटाच्या दारात ते एकदाही उभे राहिले नाहीत.

त्याऐवजी ते सुपरमार्केटात गेले. दूध पावडरीच्या फळ्यांसमोर उभे राहिले, उभ्या उभ्या मोबाइलवर एक फोटो काढला आणि घरी आले. संध्याकाळी तो फोटो आश्रमाच्या ग्रुपवर पडला. ग्रुपवर समिती होती, नोकरवर्ग होता आणि अठ्ठेचाळीस जणांची मुलं, सुना, जावई होते. फोटोवर दोन लाल गोल काढले होते. एक चारशे ग्रॅमच्या पाकिटाच्या पट्टीभोवती: शंभर ग्रॅमला पंचावन्न. दुसरा खाली, अडीच किलोच्या 'महाबचत' डब्यांच्या डोक्यावर: वीस टक्के सूट, शंभर ग्रॅमला एकोणचाळीस. आणि खाली मजकूर: "आपण दरमहा वीस किलो पावडर घेतो. डबा सोडून पाकिटंच का घेतली जातात? महिन्याला तीन हजार दोनशेचं नुकसान. वर्षाचं अडतीस हजार चारशे. खरेदी करणाऱ्या व्यक्तीने त्याच दुकानात पूर्वी नोकरी केली आहे. समजणाऱ्याला समजेल."

काकू घरी होत्या. लेकीने फोन वाचला, एकदा आईकडे बघितलं आणि फोन उलटा करून ठेवला. काकूंनी तो सरळ केला. वाचला. पुन्हा वाचला. त्याखाली पुढच्या अर्ध्या तासात बारा जणांनी अंगठे दाखवले होते, आणि एका सुनेने लिहिलं होतं, मला आधीपासून शंका होतीच. ही तीच सून, जिच्या सासूबाईंना औषधाच्या गोळ्या गिळता येत नाहीत म्हणून काकू रोज कोठी बंद केल्यावर त्या कुटून द्यायच्या.

अंगाचा तिळपापड होणं म्हणजे काय, हे काकूंना त्या संध्याकाळी कळलं. ज्यांची नावं वर्तमानपत्रात येतात अशाच माणसांवर चोरीचा आळ येतो असं त्यांना वाटायचं. वीस किलो दुधाच्या पावडरीवरून, भर ग्रुपवर, नाव न घेता आणि तरी सगळ्यांना कळेल असा आळ येतो, हे त्यांना नवीन होतं. लेक म्हणाली, आई, तू तिथे काही लिहू नकोस. काकू म्हणाल्या, लिहिणार नाही, मी वाचणार आहे.

दुसऱ्या दिवशी अधीक्षिका मॅडमनी बोलावून घेतलं. मॅडम भल्या, पण त्यांचा भलेपणा कुणाचा फोन वाजला की उठून बाहेर जायचा. त्या खालच्या आवाजात म्हणाल्या की शनिवारी समितीची बैठक आहे, काकूंनी तिथे खुलासा करावा. समाधान झालं नाही तर कोठीची किल्ली समितीकडे जमा करावी लागेल. आणि त्यानंतर काय, या काकूंच्या प्रश्नाला त्यांनी टेबलावरचं पेपरवेट एका जागेवरून दुसऱ्या जागेवर ठेवून उत्तर दिलं. किल्ली गेली की नोकरी गेली, हे काकूंना सांगायला नको होतं. त्यात चोर म्हणून गेली तर या गावात दुसऱ्या कुठल्या कोठीची किल्ली मिळणार नव्हती.

आता पाकिटांचं खरं काय होतं ते ऐका. चारशे ग्रॅमचं पाकीट दोनशे वीसला. म्हणजे शंभर ग्रॅमला पंचावन्न, पट्टीवर छापलं होतं ते खोटं नव्हतं. पण त्याच पट्टीला चिकटलेला एक पिवळा कागद होता: दुसरं पाकीट अर्ध्या किमतीत. दुकानाचं यंत्र शंभर ग्रॅमचा भाव छापताना एका पाकिटाचीच किंमत धरतं, जोडीची धरत नाही. जोडी घेतली तर दोनशे वीस आणि एकशे दहा, तीनशे तीस. माल आठशे ग्रॅम. शंभर ग्रॅमला एक्केचाळीस पंचवीस. चार महिने ही सवलत चालू होती, आणि एका बिलावर पाचच जोड्या मिळायच्या. वीस किलोला पंचवीस जोड्या लागतात, म्हणून काकू गेलेल्या गुडघ्यांनी महिन्यातून पाच वेळा चाकाची पिशवी ओढत दुकानात जायच्या. या पाच फेऱ्यांवरूनही कुजबुज झाली होती. एवढ्या वेळा कशाला जातात, कोण आहे तिथे?

दोऱ्यात बांधलेली बिलं घरी आणून काकूंनी लेकीपुढे महिन्याची बेरीज केली. पाच बिलं, प्रत्येकी एक हजार सहाशे पन्नास. आठ हजार दोनशे पन्नास. पंचावन्नच्या भावाने ती अकरा हजार झाली असती. म्हणजे तीन हजार दोनशेचं नुकसान हे पहिल्याच पायरीवर घसरलं. पण लेक हिशेबाला आईचीच होती. ती म्हणाली, तरी एकोणचाळीस हे एक्केचाळीसपेक्षा कमीच ना गं? महिन्याला साडेचारशे उरतातच. ते काय म्हणतील?

हाच प्रश्न काकूंना रात्रभर टोचत होता आणि त्याचं उत्तर फोटोत होतं. लेकीने बोटांनी फोटो मोठा केला. अगदी वरच्या फळीवर दूध पावडरीची पाकिटं, डावीकडे चारशे ग्रॅमची, उजवीकडे किलोची. मधल्या फळीवर निळ्या पिशव्या. सगळ्यात खाली डबे. डब्यांच्या डोक्यावर ती लाल गोलातली पट्टी. फ्लॅशचा उजेड प्लॅस्टिकवर पडून मोठा आकडा पांढरा झाला होता. दिसत होती ती सूट आणि तो बारीक एकोणचाळीस.

काकूंनी चष्मा कपाळावर चढवला आणि फोन नाकाशी आणला. लेकीला विचारलं, ही पट्टी कुणाची? लेक म्हणाली, डब्याची, डब्यावरच तर आहे. काकू म्हणाल्या, अकरा वर्षं मी काय पट्ट्या मालाच्या डोक्यावर लावत होते का? पट्टी फळीच्या कडेला असते आणि त्या फळीवर जो माल उभा असतो त्याची असते. माल वर, पट्टी त्याच्या पायाशी. डब्यांच्या डोक्यावर जी पट्टी दिसते ती मधल्या फळीची, निळ्या पिशव्यांची. डब्यांची पट्टी डब्यांच्या खाली, फरशीपाशी. ती फोटोत आलेलीच नाही, कारण फोटो काढणारा वाकलाच नाही.

लेकीने अजून मोठा केला. पट्टीच्या कोपऱ्यात, अंधुक पण वाचता येईल असं, वजन छापलं होतं: एक किलो. अडीच किलोच्या डब्यावर एक किलोची पट्टी. लेकीने आईकडे बघितलं. काकूंनी दोन दिवसांत पहिल्यांदा चहा पूर्ण प्यायला.

शुक्रवारी सकाळी त्या दुकानात गेल्या. फरशीवर पिशवी पसरली आणि डॉक्टरांना न विचारता गुडघे टेकले. डब्यांची पट्टी तिथेच होती, धुळीने मळलेली: किंमत दीड हजार, वीस टक्के सूट, आता बाराशे, शंभर ग्रॅमला अठ्ठेचाळीस. उजवीकडच्या एक किलोच्या पाकिटावर दहाच टक्के सूट होती, चारशे अडुसष्ट, आणि भाव किलोचा छापलेला; शंभर ग्रॅमला सेहेचाळीस ऐंशी. म्हणजे जो डबा 'महाबचत' म्हणून मिरवत होता, तो कमी सुटीच्या साध्या पाकिटापेक्षाही महाग. आणि मधल्या फळीवरच्या निळ्या पिशव्या? ती दूध पावडर नव्हतीच. चहा पांढरा करायची भुकटी होती ती, साखरेची आणि तेलाची, नावाला दूध. खजिनदार साहेबांनी काढलेली बचत अठ्ठेचाळीस म्हाताऱ्यांच्या पेल्यात ही भुकटी कालवून झाली असती. आणि डबे खरेच घेतले असते तर महिन्याला आठ डबे, नऊ हजार सहाशे. काकूंच्या खर्चापेक्षा तेराशे पन्नास जास्त.

काकूंनी तिन्ही फळ्यांचे फोटो काढले, पट्ट्या पायाशी दिसतील असे. उठायला कुणीतरी हात दिला तर बघतात काय, जुन्या दिवसांतली पट्टीवाली मैत्रीण. ती म्हणाली, तू अजून खाली बसतेस? काकूंना एकदम रडू आलं आणि ते त्यांनी गिळलं. रागात रडणं त्यांना कमीपणाचं वाटे.

तिथून थेट घरी गेल्या असत्या तर ही गोष्ट सोपी राहिली असती. पण डोकं एकदा पेटलं की काकू सगळंच तपासायला घेतात. त्या कपडे धुण्याच्या पावडरीकडे वळल्या. नेहमीचं दीडशे रुपयांचं पाकीट. महिन्याला बारा. उचललं तर हाताला हलकं लागलं. वजन बघितलं तर आठशे पन्नास ग्रॅम. पाकीट तेच, रंग तोच, किंमत तीच, माल दीडशे ग्रॅमने कमी. किलो होतं तेव्हा शंभर ग्रॅमला पंधरा पडायचं, आता सतरा पासष्ट. शेजारी दोन किलोची पिशवी तीनशे वीसला उभी होती, शंभर ग्रॅमला सोळा. पाकीट बदललं कधी, हे पट्टीवाल्या मैत्रिणीला विचारलं. तीन महिने झाले, ती म्हणाली.

तीन महिने. शंभरग्रॅम काकूंनी तीन महिने पाकिटाचं तोंड बघून माल उचलला होता आणि वजन वाचलं नव्हतं. दोन किलोच्या पिशवीच्या मानाने महिन्याला एकशे अडुसष्ट जास्त, तिन्ही महिन्यांचे पाचशे चार. त्यांना फरशीवरून उठताना झाली नव्हती तेवढी वेदना आता झाली. हे कुणाला माहीत नव्हतं. खजिनदारांना तर सात जन्मांत कळलं नसतं. काकूंनी खिशातल्या कागदावर दूध पावडरीच्या खाली एक रेघ मारली आणि कपड्याच्या पावडरीचा हिशेबही लिहिला.

शनिवारची बैठक जेवणघरात झाली. लांब टेबल, स्टीलचे जग, एका टोकाला खजिनदार, दुसऱ्या टोकाला अधीक्षिका मॅडम आणि मध्ये समितीचे पाच जण. दाराबाहेर बाकावर तीन नंबरचे आजोबा शाल पांघरून बसले होते, ऐकू येत नाही म्हणून सगळ्यांनी सोडून दिलेले. काकूंना खुर्ची द्यायचं कुणाला सुचलं नाही. त्या उभ्याच राहिल्या आणि आधी बिलं ठेवली, मग फोटो.

खजिनदारांनी बिलं बघितली आणि म्हणाले की बरं, सवलत होती, पण तरी एकोणचाळीस कमीच आहे. काकूंना हे अपेक्षितच होतं. त्यांनी साहेबांचाच फोटो मोठा करून साहेबांच्याच हातात दिला आणि पट्टीवरचं वजन वाचायला सांगितलं. साहेबांनी फोन लांब धरला, जवळ आणला, चष्मा पुसला. शेवटी त्यांना वाचावं लागलं.

"एक किलो," ते म्हणाले.

"आणि डबा?"

"डबा अडीच किलोचा आहे."

"म्हणजे ही पट्टी डब्याची नाही, साहेब. वरच्या भुकटीची आहे. डब्याची पट्टी फरशीपाशी असते. ती बघायला वाकावं लागतं."

काकूंनी आपला फोटो पुढे सरकवला: डबा, पायाशी पट्टी, शंभर ग्रॅमला अठ्ठेचाळीस. त्यांनी शांतपणे सांगितलं की साहेबांच्या म्हणण्याप्रमाणे डबे घेतले असते तर महिन्याला तेराशे पन्नास जास्त गेले असते, वर्षाला सोळा हजार दोनशे. समितीतल्या एका बाईंनी कागदावर गुणाकार करून पाहिला आणि मान हलवली. खजिनदारांचे कान लाल झाले होते. ते म्हणाले की फोटो थोडा गैरसमज करणारा होता. फोटो! जणू फोटोनेच उठून ग्रुपवर लाल गोल काढले होते.

इथे काकू थांबल्या असत्या तर जिंकल्या असत्या. पण त्यांनी कागदाच्या रेघेखालचं वाचलं. कपड्याच्या पावडरीचं पाकीट लहान झालं, ते आपल्या लक्षात आलं नाही, तीन महिन्यांत पाचशे चार जास्त गेले, ही चूक आपली, पुढच्या महिन्यापासून दोन किलोची पिशवी. एवढं बोलून त्यांनी कागद घडी केला. मग खजिनदारांनी खिशातलं पेन काढलं आणि भराभर काहीतरी लिहून घेतलं. अधीक्षिका मॅडम म्हणाल्या, छान झालं, सगळं स्पष्ट झालं, आणि पुढचा विषय घेतला. पुढचा विषय गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीचा होता.

माफी? ग्रुपवर एक ओळ? काकूंनी रविवारी दिवसभर फोन जवळ ठेवला. लाल गोलांचा फोटो तिथेच होता. बारा अंगठे होते तेच होते. सुनेचं वाक्यही होतं.

सोमवारी मॅडमनी इतिवृत्ताची वही सहीसाठी कोठीत पाठवून दिली. खजिनदारांच्या ठसठशीत अक्षरात तिसरा विषय लिहिला होता: "कोठीच्या खरेदीबाबत चर्चा झाली. खरेदीत चूक होऊन संस्थेचे पाचशे चारचे नुकसान झाल्याचे संबंधित कर्मचाऱ्यांनी मान्य केले. यापुढे दक्षता घेण्याची समज देण्यात आली." दूध पावडर नाही. पट्टी नाही. डबा नाही. सोळा हजार दोनशे नाही. जो माणूस फोटो काढायला वाकला नाही, तो लिहिताना मात्र अगदी खालच्या ओळीपर्यंत वाकला होता आणि त्याने नेमकं तेवढंच उचलून आणलं होतं. प्रामाणिकपणाचं हे बक्षीस असेल तर माणसाने गप्प बसायला शिकावं. त्यांच्या मनात हा विचार आला, आणि तो आला याचाही त्यांना संताप आला.

त्या वही घेऊन तडक ऑफिसात गेल्या. खजिनदार तिथे मॅडमसमोर बसून टाकीवाल्याच्या दरांचा कागद बघत होते. काकूंनी वही टेबलावर उघडी ठेवली आणि सांगितलं की त्या यावर सही करणार नाहीत. मॅडमनी पेपरवेटकडे हात नेला. म्हणाल्या की काकू, आता विषय संपलाय, कशाला वाढवता, सही ही केवळ पद्धत असते. खजिनदार म्हणाले की यात एक शब्द खोटा असेल तर दाखवा.

काकूंनी तो प्रश्न नीट ऐकून घेतला. खोटा शब्द एकही नव्हता. पट्टीवरचा पंचावन्नही खोटा नव्हता. तोडून दाखवलेलं खरं कसं असतं, हे त्या अकरा वर्षं हाताने खाचेत सरकवत आल्या होत्या.

"एकही शब्द खोटा नाही, साहेब," त्या म्हणाल्या. "पण अर्धंच छापलंय. तुम्ही शनिवारी काय मान्य केलंत ते लिहा. तुमच्या अक्षरात. मग मी सही करते. नाहीतर ही किल्ली घ्या आणि आज संध्याकाळचं दूध तुम्ही मोजून द्या."

किल्ली टेबलावर पडली. पाच वाजायला आले होते आणि आतून पेल्यांचा आवाज यायला लागला होता. खजिनदारांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी, कोण जाणे कुठून धीर आणून, या वेळी पेपरवेट हलवलं नाही. त्या म्हणाल्या की काकूंचं बरोबर आहे, लिहा, आणि ग्रुपवरही तेच टाका.

खजिनदारांनी पेन काढलं. मग समजूतदारपणाचा आव आणून म्हणाले की ठीक आहे, वाद नको, तिसरा विषयच पूर्ण खोडून टाकू. पावडरही नको, पाकीटही नको, तुमच्या पाचशे चारचाही उल्लेख राहणार नाही. तुमचंही भलं, आमचंही. आणि त्यांनी पेनाची निब ओळीवर टेकवली.

काकूंनी वहीवर हात ठेवला.

"माझी चूक खोडायची नाही," त्या म्हणाल्या. "ती खरी आहे. ती तशीच राहू दे. तिच्या खाली तुमची लिहा."